दिलगिरीचे पत्र

एखादे काम अमुक दिवशी देतो असे आपण कोणास सांगितले, आणि तो दिवस उलटून गेला, तर त्या माणसास पत्र लिहावे लागते. त्यास दिलगिरीचे पत्र म्हणतात. 'दिलगिरी' हा शब्द फारसी भाषेतून मराठीत आला. 'दिल' म्हणजे अंतःकरण, आणि 'दिलगीर' म्हणजे ज्याचे अंतःकरण दुःखाने धरले गेले आहे असा. शब्द असा मनाशी जडलेला असल्यामुळे पुष्कळांस वाटते की, आपले दुःख चांगल्या शब्दांत मांडले म्हणजे हे पत्र साधले. परंतु ज्याचे काम अडले आहे त्यास आपल्या दुःखापेक्षा निराळेच काही हवे असते. ते काय, हे एका उदाहरणाने पाहू.

कोकणातील एका गावी एक लहानसे सार्वजनिक ग्रंथालय आहे असे समजा. लोकमान्य टिळक ह्यांचा जन्म 1856 साली रत्नागिरीस झाला, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पुण्यतिथीस, म्हणजे 1 ऑगस्टला, जुन्या पुस्तकांचे प्रदर्शन भरवावयाचे असे ह्या ग्रंथालयाने ठरविले. आसपासच्या शाळांस आमंत्रणे गेली. प्रदर्शनात मांडावयाच्या 60 पुस्तकांची बांधणी पार खिळखिळी झाली होती. म्हणून ग्रंथपालांनी ती गावातील एका पुस्तक बांधणाऱ्याकडे दिली. त्याने 25 जुलै ही तारीख सांगितली. त्या दिवशी सायंकाळी मात्र साठांपैकी केवळ 24 पुस्तके बांधून झाली होती.

अशा वेळी पुष्कळ माणसे कसे पत्र लिहितात, ते आधी पाहा.

"स. न. वि. वि. आपली पुस्तके ठरल्या दिवशी देता आली नाहीत, ह्याबद्दल अत्यंत दिलगीर आहे. यंदा पाऊस फार असल्यामुळे नाइलाज झाला. काम चालू आहे. लवकरात लवकर पुस्तके देण्याचा शक्य तितका प्रयत्न करीन. कृपया राग मानू नये व लोभ असू द्यावा."

ह्या पत्रात उद्धटपणाचा एकही शब्द नाही. तरीही ग्रंथपालांच्या दृष्टीने ते जवळजवळ कोरेच आहे. त्यांस 1 ऑगस्टची तयारी करावयाची आहे. पुस्तके त्या दिवसाच्या आत येतील काय? सगळी येतील, की काही? प्रदर्शनाची टेबले किती लावावयाची? शाळांस दिवस बदलल्याचे कळवावयाचे की नाही? ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पत्रात नाही. 'लवकरात लवकर' ह्या शब्दांचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात दोन दिवस असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात दहा दिवस असेल. म्हणजे पत्र हाती पडल्यावरही ग्रंथपालांस दुकानी चौकशीस जाणे भागच आहे.

तेव्हा दिलगिरीच्या पत्राचे खरे काम हे की, ज्याचे काम अडले त्यास पुढे काय करावे हे ठरविता आले पाहिजे. त्यासाठी उशीर कशामुळे झाला, त्यावर कोणता उपाय केला, आणि काम आता नक्की केव्हा मिळेल, ह्या तीन गोष्टी पत्रात असाव्या लागतात. तिन्ही गोष्टी दिसावयास सोप्या आहेत. पण त्यांतील प्रत्येक लिहिण्यापूर्वी थोडा विचार करावा लागतो.

प्रथम कारण घेऊ. पाऊस हे कारण खोटे नव्हते. पुस्तकास पुठ्ठे बसविताना पुठ्ठ्याच्या आतील बाजूस मैद्याची खळ लावून कागद चिकटवतात. खळीतील पाण्याने कागद ओला होऊन फुगतो, आणि वाळू लागला की आक्रसून पुठ्ठ्यास आपल्याकडे ओढतो. म्हणून पुस्तक पुरते वाळेपर्यंत ते दाबयंत्रात घट्ट आवळून ठेवतात. तसे केले म्हणजे पुठ्ठा सपाट राहतो. उन्हाळ्यात एक दिवसाचा दाब पुरतो. जुलै महिन्यात कोकणातील हवाच पाण्याने भरलेली असते; ती खळीतील ओल सहजी शोषून घेत नाही. अशा हवेत पुस्तक दाबयंत्रातून लवकर काढले, तर दुपारपर्यंत त्याचे पुठ्ठे कौलासारखे वाकतात. इतकेच नव्हे, तर ओल राहिलेल्या पुस्तकावर बुरशी येते, आणि ते कपाटात ठेवले तर शेजारच्या पुस्तकांसही तिचा उपद्रव होतो.

हे सगळे खरे. पण येथे एक प्रश्न स्वतःस विचारावयास हवा. कोकणात जुलैमध्ये पाऊस पडेल, हे पुस्तक बांधणाऱ्यास ठाऊक नव्हते काय? अर्थातच ठाऊक होते. मग ठाऊक असलेल्या गोष्टीमुळे ठरलेली तारीख का चुकली? त्याने तारीख कशी काढली होती, ते पाहिले म्हणजे उत्तर सापडते. जुनी शिवण उसवून, फाटकी पाने सांधून नवी शिवण घालण्यास दिवसाला सहा पुस्तके धरली, म्हणजे 60 पुस्तकांस 10 दिवस. दाबयंत्रात एका वेळी 12 पुस्तके राहतात. म्हणजे 60 पुस्तकांचे पाच घाणे, आणि प्रत्येक घाण्यास एक दिवस. असे एकूण 15 दिवस. कामाचा आरंभ 11 जुलै रोजी. म्हणून 25 जुलै ही तारीख. हिशेब बिनचूक होता, पण तो उन्हाळ्याचा होता! पावसाळ्यात प्रत्येक घाण्यास दोन दिवस दाब आणि त्यानंतर एक दिवस मोकळी हवा लागते, ही गोष्ट त्याने हिशेबात धरली नाही.

सबब आणि कारण ह्यांतील भेद तो हाच. सबब आपल्या हाताबाहेरच्या गोष्टीकडे बोट दाखविते आणि तेथेच थांबते. कारण आपल्या हातातील गोष्टीपर्यंत येऊन पोचते. 'पाऊस पडला' ही सबब झाली. तीवर करावयासारखे काही नाही, कारण पाऊस उद्याही पडणार. 'मी उन्हाळ्याच्या हिशेबाने तारीख दिली' हे कारण झाले. त्यावर उपाय करता येतो. कारण सापडले की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ते वाचल्यावर पुढे काय बदलावे हे कळत असेल, तर ते कारण. कळत नसेल, तर आणखी एक पाऊल मागे जाऊन 'असे का झाले?' हे पुन्हा विचारावे. मात्र असे मागे जाताना आपल्या हाताखालच्या माणसापाशी थांबू नये. दुकानातील मुलाने खळ पातळ केली असेल. पण ग्रंथपालांनी काम त्या मुलास दिले नव्हते. काम ज्याने अंगावर घेतले, त्यानेच उशीरही अंगावर घ्यावा.

कारण लिहिताना आणखी एक अवघड गोष्ट पुढे येते. पुस्तकांचा पहिला घाणा 22 जुलै रोजी सकाळी दाबयंत्रातून बाहेर काढला, आणि दुपारपर्यंत बाराही पुस्तकांचे पुठ्ठे वाकले. तो घाणा पुन्हा दाबयंत्रात घालून 23 तारखेपर्यंत ठेवावा लागला. दुसऱ्या घाण्यास 24 व 25 हे दोन दिवस लागले. म्हणजे 25 तारीख साधणार नाही, हे 22 तारखेस दुपारीच स्पष्ट झाले होते. तेव्हाच दोन ओळी कळविल्या असत्या, तर ग्रंथपालांस तीन दिवस अधिक मिळाले असते. उशिराचे पत्र तारीख उलटण्याची वाट पाहत बसत नाही. तारीख चुकणार हे ज्या क्षणी कळते, तोच ते लिहिण्याचा क्षण होय. तो क्षण निघून गेला असेल, तर तेही पत्रात लिहावे. लपविल्यास ते पुढे उघडकीस येतेच, आणि मग बाकीच्या मजकुरावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

आता उपाय. 'यापुढे काळजी घेईन' हा उपाय नव्हे. उपाय म्हणजे जे आपण करतो आहो, ते. येथे दोन उपाय हवेत: एक हातातील कामासाठी, आणि दुसरा पुढे असे होऊ नये म्हणून. हातातील कामासाठी खळ घट्ट करावी, म्हणजे तीत पाणी कमी राहील. प्रत्येक पुठ्ठ्याखाली टिपकागद घालावा, आणि तो सकाळ-संध्याकाळ बदलावा. नाहीतर ओल टिपून भिजलेला कागद तीच ओल परत देऊ लागतो. ह्याशिवाय शेजारच्या बांधणीवाल्याचे एक दाबयंत्र काही दिवसांपुरते मागून आणावे. पुढच्यासाठी असा नियम करावा की, जूनपासून सप्टेंबरअखेर तारीख देताना प्रत्येक घाण्यास तीन दिवस धरावयाचे.

शेवटी नवी तारीख. दिलगिरीच्या पत्रात सर्वांत जास्त चुका येथेच होतात. समोरचा माणूस रागावलेला असतो. त्यास बरे वाटावे म्हणून आपण जवळची तारीख देऊन बसतो. ती तारीख चुकली, म्हणजे दुसरा उशीर पहिल्याहून पुष्कळ अधिक बोचतो, कारण ह्या वेळी त्या माणसाने आपल्या शब्दावर विसंबून पुढची तजवीज केलेली असते. म्हणून नवी तारीख मनाने देऊ नये. ती हिशेबाने काढावी.

पुस्तक बांधणाऱ्याचा नवा हिशेब असा. एकूण पुस्तके 60. बांधून झालेली 24. राहिलेल्या छत्तिसांपैकी तीन पुस्तकांवर कोपऱ्यात पडून राहिल्यामुळे बुरशी दिसू लागली आहे. ती आधी वेगळी ठेवून, पुरती वाळवून, उघड्यावर मऊ कुंचल्याने झाडून घ्यावी लागतील. ती इतरांबरोबर दाबयंत्रात घालता येणार नाहीत. राहिली 33. एकच दाबयंत्र असते, तर 26 व 27 जुलैस बारा, 28 व 29 रोजी बारा, 30 व 31 रोजी नऊ, आणि 1 ऑगस्टला मोकळी हवा. म्हणजे पुस्तके 2 ऑगस्टला मिळाली असती, प्रदर्शन उरकल्यावर! दोन दाबयंत्रांत एका वेळी 24 पुस्तके राहतात. म्हणून 26 व 27 रोजी चोवीस, 28 व 29 रोजी नऊ, आणि 30 रोजी मोकळी हवा. काम 30 जुलैच्या सायंकाळी पुरे होते. पण एखादा घाणा ओला राहिला तर? तेवढ्यासाठी एक दिवस हाताशी ठेवून 31 जुलै ही तारीख द्यावी. हाताशी ठेवलेला हा दिवस आळसासाठी नसतो. ज्या गोष्टीची आपणास खात्री नाही, तिच्यासाठी तो असतो. मात्र भीतीने आठ दिवसही वाढवू नयेत. तसे केल्यास ग्रंथपाल विनाकारण प्रदर्शन पुढे ढकलतील.

एवढा हिशेब झाल्यावर पत्र आपोआप तयार होते. ते असे:

"माननीय ग्रंथपाल ह्यांस,

स. न. वि. वि.

आपली 60 पुस्तके आज 25 जुलै रोजी देण्याचे मी कबूल केले होते. त्यांपैकी 24 बांधून झाली असून 36 राहिली आहेत. आपले प्रदर्शन 1 ऑगस्टला आहे हे ठाऊक असूनही मजकडून उशीर झाला, ह्याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

पावसाळी हवेत प्रत्येक घाण्यास दोन दिवस दाब व एक दिवस मोकळी हवा लागते. मी तारीख देताना एकच दिवस धरला, ही माझी चूक झाली. 22 तारखेसच ती माझ्या ध्यानात आली होती. तेव्हाच आपणास कळवावयास हवे होते, तेही मी केले नाही.

आता मी दुसरे दाबयंत्र मागून आणले आहे, आणि टिपकागद दिवसातून दोनदा बदलीत आहे. तयार पुस्तकांपैकी 12 ह्या पत्रासोबत पाठवीत आहे. दुसरी 12 आज दाबातून निघाली आहेत, ती उद्या सायंकाळी पोचवीन. त्यानंतरची 33 पुस्तके 31 जुलै रोजी दुपारी 4 वाजेपर्यंत ग्रंथालयात आणून देईन.

तीन पुस्तकांवर बुरशीचे डाग आढळले. ती वेगळी ठेवली आहेत. ती प्रदर्शनापूर्वी देता येणार नाहीत. 8 ऑगस्टला देईन. त्यांची नावे सोबत लिहिली आहेत. त्यांच्या बांधणीचे पैसे मी घेणार नाही.

29 जुलै रोजी सकाळी काम कोठवर आले, ते मी स्वतः येऊन सांगेन.

कळावे, ही विनंती.

आपला,
पुस्तक बांधणारा"

हे पत्र पहिल्याहून लांब आहे खरे. पण त्यातील कोणतेही वाक्य गाळून पाहा, ग्रंथपालांचा एखादा प्रश्न अनुत्तरित राहील. क्षमा एकदाच मागितली आहे, आणि ती कशाबद्दल हेही सांगितले आहे. 'अत्यंत', 'मनःपूर्वक', 'हजारदा' असे शब्द त्यात नाहीत. क्षमेचे शब्द वाढले, म्हणजे वाचणाऱ्यावरच लिहिणाऱ्याचे समाधान करण्याची पाळी येते. वाईट बातमी, म्हणजे तीन पुस्तकांची, ही चांगल्या बातमीच्या आड लपविलेली नाही. तिला स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तारीख आहे. 29 तारखेस पुन्हा कळविण्याचे वचन दिले आहे, त्यामुळे मधल्या दिवसांत ग्रंथपालांस विचारपूस करीत बसावे लागणार नाही. तो दिवसही विचारपूर्वकच निवडला आहे. पहिला मोठा घाणा 27 तारखेस दाबातून निघून 28 रोजी मोकळ्या हवेत राहील. त्याचे पुठ्ठे सपाट राहिले की वाकले, हे 29 च्या सकाळी दिसेल; आणि काही बिघडलेच, तर ते ग्रंथपालांस प्रदर्शनापूर्वी तीन दिवस कळेल.

पत्र वाचून ग्रंथपाल काय करू शकतील, तेही पाहा. प्रदर्शन पुढे ढकलण्याचे कारण नाही. साठांऐवजी 57 पुस्तकांची मांडणी करावयाची. आलेल्या चोवीस पुस्तकांच्या चिठ्ठ्या लगेच लिहावयास घ्यावयाच्या, आणि उरलेल्या तेहतिसांसाठी 31 जुलैची सायंकाळ मोकळी ठेवावयाची. राग कदाचित जाणार नाही. पण काम अडणार नाही.

कधी कधी उशीर झाला हे कळते, पण कारण सापडलेले नसते. अशा वेळी अंदाजाने कारण लिहू नये आणि तारीखही देऊ नये. 'कारण शोधीत आहे. उद्या सकाळी दहा वाजता नवी तारीख कळवितो,' असे लिहावे, आणि सकाळी दहा वाजता खरोखरच कळवावे. तोपर्यंत शोध पुरा झाला नसला तरी तसे सांगावे. ठरल्या वेळी आलेले 'अजून कळले नाही' हे उत्तरही मौनापेक्षा बरे.

आज पुष्कळ लोक पत्राऐवजी फोनवरून लहानसा संदेश धाडतात. जागा कमी झाली तरी मजकुराचा क्रम तोच राहतो. पुस्तक बांधणाऱ्याने संदेश धाडला असता, तर तो असा झाला असता: "आज द्यावयाच्या 60 पुस्तकांपैकी 24 च झाली, क्षमा असावी. पावसाळ्यात वाळण्यास लागणारे दिवस मी कमी धरले. दुसरे दाबयंत्र आणले आहे. 12 पुस्तके आज, 12 उद्या, 33 पुस्तके 31 जुलैस दुपारी 4 पर्यंत, आणि बुरशीची 3 पुस्तके 8 ऑगस्टला देईन." एवढ्या चार वाक्यांतही काय झाले, का झाले, काय केले आणि केव्हा मिळेल, हे सर्व आले आहे.

शाळेत भित्तिपत्रकासाठी लेख द्यावयाचा असो, की शेजारच्या काकांची सायकल दुरुस्त करून परत द्यावयाची असो, उशिराचे पत्र लिहिण्याची वेळ कोणावरही येते. लिहून झाल्यावर ते आपल्या बाजूने वाचू नये. ज्याचे काम अडले आहे त्याच्या जागी बसून ते एकदा वाचावे, आणि कागद खाली ठेवून पाहावे: आता आपण काय करावयाचे, हे त्यास कळले काय? कळले असेल, तर पत्र धाडावे. कळले नसेल, तर अजून एखादा हिशेब करावयाचा राहिला आहे असे समजावे.